रिक्रूटर म्हणतो, ‘आमच्याच फॉरमॅटमध्ये पाठवा’: एका रेझ्युमेचा दोन तासांतला प्रवास

मार्च २०२५चा पहिला आठवडा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करणाऱ्या एका उमेदवाराला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रिक्रूटरचा फोन येतो. रेझ्युमे आवडला आहे, पण क्लायंट कंपनी फक्त स्वतःच्या टेम्प्लेटमध्ये आलेलेच रेझ्युमे बघते. टेम्प्लेट मेल केला आहे, तो भरून एक वाजेपर्यंत परत हवा, कारण त्यानंतर आजची यादी बंद होते. रिक्रूटर स्टाफिंग एजन्सीचा आहे आणि जागा ऑटोमेशन टेस्टरची. संबंधित अनुभव किमान पाच वर्षांचा हवा, अशी अट आहे.

उमेदवाराकडे जे आहे ते असं: एका ऑनलाइन डिझाइन साइटवर बनवलेली दोन पानांची, दोन रकान्यांची पीडीएफ. डावीकडे स्किल्स आणि त्यांच्यापुढे पाचपैकी किती ठिपके भरलेले ते. उजवीकडे तीन नोकऱ्या आणि चार प्रोजेक्ट. मूळ वर्ड फाइल कधी नव्हतीच.

आलेला टेम्प्लेट म्हणजे वर्डची फाइल. वर कंपनीचा लोगो, खाली टेबलांमागून टेबलं, पानमर्यादा चार.

अशा वेळी हात आपोआप दोन चुकीच्या दिशांना जातात. एक म्हणजे लोगो आणि रंग उचलून आपल्याच रेझ्युमेला टेम्प्लेटसारखा करणं. दुसरी म्हणजे पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करायचं, टेम्प्लेटमध्ये पेस्ट करायचं आणि मग नीटनेटकं करत बसायचं. पहिल्या वाटेने गेलं तर फाइल हमखास परत येते, कारण रिक्रूटरला त्या टेबलांमधले ठरावीक रकाने भरलेले हवे असतात, नुसता दिसायला सारखा कागद नको असतो. दुसऱ्या वाटेने गेलं तर दोन तास पेस्ट झालेल्या मजकुराशी झटापट करण्यात जातात आणि जे प्रश्न टेम्प्लेट विचारतो आहे ते शेवटच्या पाच मिनिटांत कसेबसे भरले जातात. खरी अडचण त्या प्रश्नांतच असते.

पहिली दहा मिनिटं: काहीही न लिहिता टेम्प्लेट वाचणं

टेम्प्लेटची मूळ प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवावी आणि कामाला दुसरी प्रत घ्यावी. मग वरपासून खालपर्यंत वाचत प्रत्येक रकान्याला मनातल्या मनात एकच प्रश्न लावायचा: याचं उत्तर माझ्या रेझ्युमेत तयार आहे का?

या प्रकरणात तयार नसलेली उत्तरं पाच निघाली. एकूण अनुभव, वर्षं आणि महिन्यांत. संबंधित अनुभव, तसाच. प्रत्येक स्किलपुढे किती वर्षं आणि शेवटचा वापर कधी. प्रत्येक प्रोजेक्टचा कालावधी, महिन्यासकट. आणि जन्मतारीख व सरकारी ओळखपत्राचा क्रमांक. पहिली चार उत्तरं मोजून काढता येतात. पाचव्याबद्दल मात्र विचारायला हवं.

म्हणून याच टप्प्यावर रिक्रूटरला एक छोटा मेल गेला. त्यात तीनच प्रश्न होते: फाइल वर्डमध्ये हवी की पीडीएफमध्ये, चार पानांची मर्यादा काटेकोर आहे का, आणि ओळखपत्राचा क्रमांक या टप्प्यावर सक्तीचा आहे का. हे प्रश्न सुरुवातीला विचारण्याचं कारण व्यावहारिक आहे. आपण मजकुरावर काम करत असताना उत्तर येऊन पडतं. पाऊण वाजता विचारलं, तर उत्तराची वाट बघण्यातच मुदत संपते.

उत्तर वीस मिनिटांत आलं. फाइल वर्डमध्येच हवी, कारण एजन्सी उमेदवाराचा फोन आणि ईमेल काढून स्वतःचा संदर्भ क्रमांक घालते. पानमर्यादा काटेकोर. ओळखपत्राचा रकाना ‘निवडीनंतर’ असं लिहून सोडला तरी चालेल. टेम्प्लेटमध्ये रकाना आहे म्हणून तो भरलाच पाहिजे असं नसतं. कित्येक टेम्प्लेट वर्षानुवर्षं तेच फिरत असतात आणि त्यातले काही रकाने आता कुणी बघतही नाही. मुलाखतीआधी ओळखपत्राचा क्रमांक ईमेलवरून फिरणाऱ्या फाइलमध्ये घालू नये, हे आमचं ठाम मत आहे. ती फाइल पुढे किती जणांच्या इनबॉक्समध्ये जाते, हे रिक्रूटरलाही सांगता येत नाही. मात्र रकाना कोरा सोडू नये. कोरा रकाना विसरल्यासारखा दिसतो आणि फाइल परत येण्याचं एक कारण बनतो.

महिने मोजणं

रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत ‘आठ वर्षांचा अनुभव’ असं होतं. स्किल्समध्ये सेलेनियम या ऑटोमेशन टूलपुढे पाचपैकी पाच ठिपके, आणि सारांशात ‘ऑटोमेशनचा सहा वर्षांहून जास्त अनुभव’. टेम्प्लेटमध्ये असं मोघम काही लिहिता येत नाही. तिथे आकडा लागतो आणि त्याच पानावर खाली प्रोजेक्टच्या तारखाही लागतात. म्हणजे वाचणाऱ्याला बेरीज करून बघणं सोपं होऊन बसतं, आणि नेमकं तेच क्लायंटला हवं असतं.

नोकऱ्या अशा होत्या. पहिली जून २०१७ ते ऑगस्ट २०१९. दुसरी सप्टेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२२. तिसरी मे २०२२पासून आजपर्यंत. चालू नोकरीसाठी पूर्ण झालेला शेवटचा महिना धरायचा, म्हणजे इथे फेब्रुवारी २०२५. एक्सेलमध्ये सुरुवातीची तारीख महिन्याच्या एक तारखेला आणि शेवटची महिनाअखेरीला टाकली की हा फॉर्म्युला पूर्ण महिने देतो:

```
=DATEDIF(A2,B2+1,"m")
```

शेवटच्या तारखेत एक मिळवलेला आहे, तो विसरू नये. नाहीतर ३१ ऑगस्टला संपणारा महिना पूर्ण धरला जात नाही आणि प्रत्येक नोकरीमागे एक महिना कमी येतो.

पहिल्या नोकरीचे २७ महिने आले, दुसऱ्याचे ३०, तिसऱ्याचे ३४. बेरीज ९१ महिने, म्हणजे ७ वर्षं ७ महिने. मार्च आणि एप्रिल २०२२ हे दोन महिने मध्ये रिकामे होते. ताळा असा घेता येतो: जून २०१७ ते फेब्रुवारी २०२५ हा सलग काळ ९३ महिन्यांचा होतो, त्यातून दोन वजा केले की ९१ उरतात. दोन्ही वाटांनी आकडा जुळला म्हणजे मोजणीत चूक नाही. दोन नोकऱ्या किंवा अर्धवेळ कामं एकमेकांवर येत असतील तर तो काळ एकदाच धरायचा. तो दोनदा मोजला गेला की या ताळ्यात लगेच दिसतो.

संबंधित अनुभव मोजणं जास्त नाजूक होतं. पहिल्या नोकरीत फक्त मॅन्युअल टेस्टिंग होतं. दुसऱ्या नोकरीतले पहिले सहा महिनेही तेच, सेलेनियम सुरू झालं ते मार्च २०२०मध्ये. म्हणजे दुसऱ्या नोकरीतले २४ महिने आणि तिसरीतले ३४, एकूण ५८. म्हणजेच ४ वर्षं १० महिने.

अट पाच वर्षांची आणि आकडा दोन महिन्यांनी कमी. इथे बरेच जण ‘५+’ लिहून मोकळे होतात. तसं करू नये, आणि याचं कारण सचोटीइतकंच हिशोबाचंही आहे. त्याच टेम्प्लेटमध्ये प्रोजेक्टच्या तारखा आणि टूल्स शेजारी शेजारी छापलेले आहेत. ज्याला बेरीज करायची त्याला ५८च मिळणार, आणि मग शंका दोन महिन्यांची राहत नाही, सगळ्या कागदावर पसरते. शिवाय दोन महिन्यांच्या फरकाने माणूस घ्यायचा की नाही हे ठरवायचा अधिकार रिक्रूटर आणि क्लायंटला आहे, आणि पुष्कळदा ते अशा फरकाकडे काणाडोळा करतात. म्हणून टेम्प्लेटमध्ये ४ वर्षं १० महिने लिहायचं आणि मेलमध्ये एका ओळीत ते स्वतःहून सांगायचं, असं ठरलं.

बाकीची स्किल्स याच तक्त्यावरून पटापट निघाली. एसक्यूएल तिन्ही नोकऱ्यांत होतं, म्हणजे ७ वर्षं ७ महिने. पोस्टमन वापरून एपीआय टेस्टिंग फक्त तिसऱ्या नोकरीत, म्हणजे २ वर्षं १० महिने. ठिपक्यांची गरजच उरली नाही. त्या ठिपक्यांवरून वाचणाऱ्याला तसाही काही बोध होत नव्हता.

या सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. इतका वेळ द्यायला जीव होत नाही, कारण टेम्प्लेट अजून पूर्ण कोरा दिसत असतो. पण आकडे पक्के झाल्यावर उरतं ते केवळ हातकाम.

पीडीएफमधून मजकूर सोडवणं

दोन रकान्यांच्या पीडीएफमधून सगळं एकदम कॉपी केलं तर डाव्या रकान्यातली ‘भाषा’ किंवा ‘प्रमाणपत्रं’ ही ओळ उजव्या रकान्यातल्या प्रोजेक्टच्या मधोमध येऊन बसते. म्हणून एकेक विभाग वेगळा सिलेक्ट करून एका कोऱ्या वर्ड फाइलमध्ये आणायचा, तोही निव्वळ मजकूर म्हणून. त्यासाठी `Ctrl+Alt+V` दाबून `Unformatted Text` निवडावं.

यानंतर दिसतो तो पीडीएफचा नेहमीचा त्रास: प्रत्येक छापील ओळीच्या शेवटी नवा परिच्छेद. टेम्प्लेटच्या अरुंद रकान्यात हा मजकूर गेला की ओळी अर्ध्यावर तुटतात. एकेक ओळ डिलीट करून जोडत बसण्यापेक्षा आधी दोन मुद्द्यांच्या मध्ये एक रिकामी ओळ हाताने टाकावी आणि मग `Ctrl+H` उघडून तीन बदल याच क्रमाने करावेत:

```
Find: ^p^p   Replace: ##
Find: ^p     Replace: (एक स्पेस)
Find: ##     Replace: ^p
```

पहिल्या बदलाने खऱ्या परिच्छेदांवर खूण होते, दुसऱ्याने तुटलेल्या ओळी जुळतात, तिसऱ्याने परिच्छेद परत येतात. क्रम चुकला आणि दुसरा बदल आधी केला, तर सगळा मजकूर एकाच परिच्छेदात गोळा होतो. तसं झालं तर `Ctrl+Z` दाबून मागे यावं. शेवटी दोन स्पेसच्या जागी एक स्पेस, आणि मुद्द्यांपुढचे `•` काढून टाकावेत. टेम्प्लेटच्या रकान्यात स्वतःचे बुलेट आधीच असतात. जुने तसेच राहिले तर प्रत्येक ओळीपुढे दोन ठिपके दिसतात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांनीच बघावी लागते. काही पीडीएफमध्ये ‘एफ-आय’, ‘एफ-एल’ ही अक्षरं जोडून एकच चिन्ह म्हणून छापलेली असतात आणि कॉपी करताना ते चिन्ह गळून पडतं. या रेझ्युमेत `Certified` चं `Certi ed` झालं होतं आणि `workflow` चं `work ow`. स्पेलिंग तपासणी यातलं बहुतेक पकडते, पण `ow`सारखा तुकडा कधी कधी सुटतो. शिवाय टूलच्या नावात असं झालं तर रिक्रूटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या नावाने शोधल्यावर हा रेझ्युमे सापडणारच नाही.

टेम्प्लेट भरताना

इथून पुढे नियम एकच: जे टाकायचं ते साधा मजकूर म्हणून टाकायचं आणि टेम्प्लेटमधलं फॉरमॅटिंग त्याला आपोआप लागू द्यायचं. एखाद्या रकान्यात तरीही वेगळा फॉन्ट किंवा वेगळी जागा दिसली, तर तो मजकूर निवडून `Ctrl+Space` आणि `Ctrl+Q` दाबावं. पहिल्याने अक्षरांवरचं आणि दुसऱ्याने परिच्छेदावरचं वरून लादलेलं फॉरमॅटिंग निघून जातं आणि टेम्प्लेटची मूळ स्टाइल उरते. हाताने फॉन्ट आणि साइज जुळवत बसलं तर बहुतेक ठिकाणी जुळतं आणि दोन ठिकाणी राहून जातं.

टेम्प्लेटमध्ये प्रोजेक्टसाठी दोनच टेबलं होती आणि प्रोजेक्ट होते चार. अशा वेळी अख्खं रिकामं टेबल कॉपी करून खाली पेस्ट करायचं. दोन टेबलांच्या मध्ये एक रिकामा परिच्छेद राहिलाच पाहिजे. तो नसला तर वर्ड दोन्ही टेबलं जोडून एकच मोठं टेबल करतं आणि मग रकान्यांच्या रुंदीवरून गोंधळ सुरू होतो. ही प्रत भरायच्या आधी काढावी. भरलेलं टेबल कॉपी केलं की आधीच्या प्रोजेक्टमधलं टूल किंवा तारीख नव्या प्रोजेक्टमध्ये राहून जाते, आणि वाचताना ती चूक दिसत नाही, कारण ते शब्द आपल्याच रेझ्युमेतले असतात.

काही रकान्यांत राखाडी अक्षरांत ‘Click or tap here to enter text.’ असं होतं. हे सूचनेचे शब्द न भरता सोडले तर छापताना आणि पीडीएफ करताना तसेच उमटतात. जिथे सांगण्यासारखं काही नव्हतं तिथे ‘लागू नाही’ लिहिलं.

टेम्प्लेटचे काही भाग लॉक केलेले होते, हेडर आणि कॉलमची शीर्षकं. लॉक काढता येतं का हे बघण्यात वेळ घालवू नये. शीर्षक बदललं की फाइल ‘आमच्या फॉरमॅटमध्ये नाही’ म्हणून परत येते, मग बदल कितीही शहाणपणाचा असो. भरायच्याच रकान्यात लिहिता येत नसेल तर मात्र रिक्रूटरला लगेच कळवून दुसरी प्रत मागावी.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी फाइल भरून झाली. बरोबर चार पानं.

पाठवण्याआधीची तपासणी

आलेल्या टेम्प्लेटबद्दल एक शक्यता नेहमी लक्षात ठेवावी: तो बहुधा दुसऱ्याच उमेदवाराची भरलेली फाइल रिकामी करून बनवलेला असतो. पानावरचा मजकूर पुसलेला असतो, पण फाइलच्या आतल्या माहितीत काही ना काही उरतं. इथे तसंच झालं होतं. भरलेल्या फाइलची पीडीएफ काढून ब्राउझरमध्ये उघडली, तर वरच्या टॅबवर जावा डेव्हलपरच्या प्रोफाइलचं शीर्षक झळकत होतं. हे शीर्षक `File` मधल्या `Info` या पानावर `Title` म्हणून असतं. तिथे आपलं नाव आणि पद लिहिलं की झालं. त्याच पानावर `Check for Issues` मध्ये `Inspect Document` चालवलं की फाइलमधल्या कॉमेंट्स आणि ट्रॅक केलेले बदलही दिसतात. मात्र तिथे दिसेल ते सगळं काढून टाकण्याच्या भरात हेडर काढू नये, लोगो त्यातच असतो.

मग आकड्यांची शेवटची पडताळणी: सारांशातला, वरच्या टेबलातला आणि स्किलच्या टेबलातला आकडा एकच आहे का. सारांश जुन्या रेझ्युमेतून आलेला होता आणि त्यात अजून ‘आठ वर्षांचा’ असंच होतं. अशी चूक जवळजवळ प्रत्येक वेळी होते, कारण टेबलं आपण नव्याने भरतो आणि सारांश नुसता उचलतो.

फाइलचं नाव `FirstName_LastName_AutomationTester.docx` या धर्तीवर ठेवलं. टेम्प्लेटचंच नाव राहू दिलं तर रिक्रूटरच्या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या दहा फाइल होतात. मेल रिक्रूटरच्या मेललाच उत्तर म्हणून गेला, नवा धागा सुरू न करता:

> नमस्कार सर,
> कंपनीच्या टेम्प्लेटमध्ये भरलेला रेझ्युमे सोबत जोडला आहे (वर्ड, चार पानं). पाहण्याच्या सोयीसाठी पीडीएफही देत आहे.
> एकूण अनुभव ७ वर्षं ७ महिने, त्यापैकी ऑटोमेशनचा ४ वर्षं १० महिने. अट पाच वर्षांची आहे, त्यामुळे हे आधीच लक्षात आणून देत आहे.
> ओळखपत्राचा क्रमांक आपल्याशी बोलणं झाल्याप्रमाणे निवडीनंतर देईन.
> ही फाइल फक्त याच पदासाठी पाठवावी, ही विनंती.

शेवटच्या ओळीमागे कारण आहे. एकाच उमेदवाराचा रेझ्युमे दोन एजन्सींमार्फत एकाच कंपनीत पोहोचला, तर कंपनी वादात पडायला नको म्हणून कधी कधी दोन्ही बाजूला ठेवते. कुणी कुठे पाठवलं याची लेखी नोंद असली की तो प्रश्न सुटायला मदत होते.

मेल बारा वाजून बावन्न मिनिटांनी गेला.

तिसऱ्या प्रोजेक्टमधल्या गायब ओळी

सव्वा वाजता रिक्रूटरचा फोन: “मॅडम, तिसऱ्या प्रोजेक्टमध्ये ऑटोमेशनचं काहीच दिसत नाही. तेवढं टाकून लगेच परत पाठवा, यादी मी थांबवून ठेवलीय.”

ऑटोमेशनचे मुद्दे लिहिलेले होते. वर्डमध्ये शोधल्यावर सापडतही होते. तरी पानावर नव्हते. त्या रकान्यात अकरा ओळी टाकल्या होत्या आणि दिसत होत्या आठ. आठवी ओळ नेमकी पूर्णविरामाशी संपत होती, त्यामुळे खाली काही राहिलं असेल अशी शंकाही येत नव्हती.

कारण टेम्प्लेटच्या त्या ओळीच्या उंचीत होतं. टेबलावर राइट क्लिक करून `Table Properties`, तिथे `Row`. `Specify height` वर खूण होती आणि `Row height is` पुढे `Exactly`. म्हणजे रकान्याची उंची ठरलेली आहे, मजकूर वाढला तरी ती वाढणार नाही, उरलेला मजकूर खालच्या रेषेखाली झाकला जाईल. तिथे `At least` केलं की रकाना मजकुरासोबत वाढतो आणि तिन्ही ओळी वर आल्या. याच ठिकाणी `Allow row to break across pages` वर खूण आहे का तेही बघावं. नसेल तर लांब रकाना तुटण्याऐवजी अख्खा पुढच्या पानावर जातो आणि मागे अर्धं पान पांढरं राहतं.

ही चूक वर्डच्या शोधाने पकडता येत नाही, कारण मजकूर फाइलमध्ये असतोच. पकडायची रीत एकच: साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक विभागाची शेवटची ओळ बघायची आणि तीच ओळ पीडीएफच्या पानावर डोळ्यांनी शोधायची. चार प्रोजेक्ट म्हणजे चार ओळी. दोन मिनिटांचं काम आहे आणि ते पाठवण्याआधी करण्यासारखं आहे.

उंची सुटल्यावर फाइल पाचव्या पानावर गेली. फॉन्ट लहान करणं किंवा मार्जिन कमी करणं ही वाट सोपी दिसते, पण टेम्प्लेटची मापं बदलली की पुन्हा फॉरमॅटचाच मुद्दा निघतो. म्हणून सगळ्यात जुन्या, मॅन्युअल टेस्टिंगच्या प्रोजेक्टमधल्या सात ओळींच्या तीन ओळी केल्या. या जागेसाठी त्या प्रोजेक्टमधून क्लायंटला हवं होतं ते फक्त काम कशाचं होतं, किती काळ होतं आणि टीममध्ये भूमिका काय होती. तेवढं राहिलं आणि पानं पुन्हा चार झाली.

दुसऱ्यांदा पाठवताना फाइलच्या नावाच्या शेवटी `_v2` जोडलं, त्याच धाग्यात उत्तर दिलं, आणि पहिल्याच ओळीत लिहिलं: ‘आधीची फाइल कृपया रद्द समजावी, तिच्या जागी ही वापरावी. बदल फक्त तिसऱ्या आणि चौथ्या प्रोजेक्टमध्ये आहे.’ काय बदललं हे सांगितलं नाही तर रिक्रूटरला चार पानं पुन्हा वाचावी लागतात, आणि घाईत तो वाचत नाही. जुनीच फाइल पुढे जाण्याचा धोका तिथे असतो. सिस्टिममध्ये आधीची फाइल चढवली गेली असेल तर ती बदलून घेतली का, हेही त्याच मेलमध्ये विचारलं.

सोबत आणखी एक विनंती होती: क्लायंटकडे गेलेली अंतिम प्रत मला पाठवा. ही मागणी रास्त आहे आणि रिक्रूटर सहसा नाकारत नाहीत, कारण मुलाखतीत समोरच्याच्या हातात काय आहे हे उमेदवाराला माहीत असणं त्यांच्याही फायद्याचं असतं. संध्याकाळी प्रत आली. फोन आणि ईमेल काढलेले होते, वर एजन्सीचा संदर्भ क्रमांक होता. हे अपेक्षितच. पण संबंधित अनुभवाच्या रकान्यात ४ वर्षं १० महिन्यांच्या जागी ‘५+ वर्षं’ आलं होतं.

उत्तरात वाद घातला नाही, आकडे दाखवले: ‘सर, खालच्या प्रोजेक्टच्या तारखांची बेरीज ५८ महिने येते, त्यामुळे वरचा आकडा तिच्याशी जुळत नाही. मुलाखतीत हे विचारलं तर मला ४ वर्षं १० महिने असंच सांगावं लागेल. कृपया मूळ आकडा ठेवून प्रत बदलून घ्यावी.’ दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त प्रत आली, त्या रकान्यात मूळ आकडा होता आणि फाइलच्या नावाच्या शेवटी `_v3`.